एक ब्रास म्हणजे किती टन?

स्लॅबची तारीख जवळ आली की घरमालकाच्या हातात तीन कागद पडतात आणि तिन्ही कागदांची भाषा वेगळी असते. पहिला पुरवठादार सांगतो, क्रश सँड ४,६०० रुपये ब्रास. दुसरा थेट क्रशरवरून माल देतो; त्याचा भाव १,०५० रुपये टन. इंजिनिअरच्या कागदावर मात्र ब्रासही नसतो आणि टनही नसतो. तिथे लिहिलेले असते, काँक्रीट १४.१६ घनमीटर. भाव गावोगावी आणि महिन्यागणिक बदलतात, त्यामुळे वरचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रश्न मात्र खराच आहे. या दोघांत स्वस्त कोण, आणि शेवटी गाड्या किती सांगायच्या?

ब्रासपासून घनमीटरपर्यंतचा रस्ता सरळ आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एका घनमीटरमध्ये ३५.३१ घनफूट मावतात. म्हणून १०० भागिले ३५.३१, म्हणजे एक ब्रास बरोबर २.८३ घनमीटर. ब्रासचे घनमीटर करायचे असतील तर २.८३ ने गुणायचे, घनमीटरचे ब्रास करायचे असतील तर २.८३ ने भागायचे. हा आकडा वाळूला, खडीला, मुरुमाला, डबरला सारखाच लागू पडतो, कारण तो फक्त जागा मोजतो. एवढे मात्र लक्षात ठेवावे की प्लास्टर, फरशी, सेंटरिंग अशा कामांत मिस्त्री ‘ब्रास’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात १०० चौरस फूट असतात. ते क्षेत्रफळ झाले. मालाच्या ब्रासशी त्याचा संबंध नाही.

खरा घोळ ब्रासवरून टनाकडे जाताना होतो. ब्रास सांगतो की मालाने किती जागा व्यापली. त्या जागेत दगड किती आणि हवा किती, हे तो सांगत नाही. आपल्याकडची बहुतेक खडी दख्खनच्या काळ्या बेसॉल्टची. त्या दगडाचा एक अखंड घनमीटर ठोकळा कापून काढला तर त्याचे वजन २.८ टनांच्या आसपास भरेल. तोच दगड क्रशरमधून २० मिलिमीटरची खडी होऊन बाहेर पडला की एका घनमीटर जागेत साधारण दीड टनच बसतो. उरलेली जवळजवळ निम्मी जागा तुकड्यांमधल्या पोकळीची असते. कोणी दगडाची घनता धरून खडीचे टन काढले तर एका ब्रासचे आठ टन होतात. असा हिशेब मी खऱ्याखुऱ्या कोटेशनवर पाहिला आहे. प्रत्यक्षात खडीचा एक ब्रास सव्वाचार टनांच्या आगेमागे भरतो.

सैल भरलेल्या मालाची ढोबळ वजने ध्यानात ठेवायला हरकत नाही. खडी घनमीटरला १.४५ ते १.५५ टन, कोरडी नदीची वाळू १.५ ते १.६ टन, आणि क्रश सँड त्याहून थोडी जड, १.६ ते १.७५ टन. क्रश सँडमध्ये मोठ्या कणांच्या फटीत बारीक कण जाऊन बसतात, पोकळी कमी राहते, म्हणून ती जड भरते. या आकड्यांना २.८३ ने गुणले की एका ब्रासचे टन मिळतात: खडीचे ४.१ ते ४.४, नदीच्या वाळूचे ४.२ ते ४.५, क्रश सँडचे ४.५ ते जवळपास ५. पण हे पट्टे आहेत, एकेक ठरावीक आकडा नव्हे. एका ब्रासमागे अर्ध्या टनाचा फरक पडू शकतो, आणि दोन भावांमधून एक निवडताना नेमका तोच अर्धा टन निर्णय फिरवतो.

म्हणून आपण घेणार असलेल्या मालाचे वजन आपणच काढावे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. खाद्यतेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा, वरचा पत्रा पूर्ण कापून टाकावा, आणि किराणा दुकानातला किंवा धान्य मोजायचा वजनकाटा मिळवावा. आधी रिकाम्या डब्याचे वजन करावे. मग डबा काठोकाठ पाण्याने भरून वजन करावे आणि त्यातून डब्याचे वजन वजा करावे. समजा पाणी १६ किलो भरले. पाण्याचा एक किलो म्हणजे एक लिटर, म्हणजे डब्यात १६ लिटर जागा आहे हे कळले. आता डबा पुसून कोरडा करावा आणि त्यात वाळू फावड्याने अलगद, न ठोकता, न दाबता भरावी. वर एखादी सरळ पट्टी फिरवून काठाशी सपाट करावी. डब्याचे वजन वजा जाता समजा वाळू २६.४ किलो भरली. २६.४ भागिले १६, उत्तर १.६५. ही वाळू घनमीटरला १.६५ टन आहे. २.८३ ने गुणले की तिच्या एका ब्रासचे वजन आले ४.६७ टन. डबा ठोकून भरला तर माल खाली बसतो आणि उत्तर फुगते. गाडीत माल सैल पडतो, म्हणून डब्यातही सैलच भरायचा. दोनदा भरून दोन्ही उत्तरे जवळजवळ आली की आकडा भरवशाचा समजावा.

आता त्याच वाळूवर सहा टक्के पाणी शिंपडून ती नीट कालवावी. डब्यातल्या २६.४ किलो वाळूला दीड-पावणेदोन लिटर पाणी पुरते. वाळू हातात धरली की मुठीत गोळा होते, पण पाणी गळत नाही, अशी ती ओलसर होईल. हाच डबा पुन्हा अलगद भरून वजन केले, तर बहुतेकांना वाटते की पाणी मिसळल्यामुळे वजन वाढेल. ते घटते. समजा काट्यावर २३.३ किलो आले, म्हणजे कोरड्या वाळूपेक्षा तीन किलोंनी कमी. त्यातही पाण्याचे वजन जवळपास १.३ किलो. डब्यात प्रत्यक्ष वाळू फक्त २२ किलो उरली.

याचे कारण असे. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर चिकटतो आणि कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो. वाळू फुगते. बांधकामाच्या मानकांमध्ये ही गोष्ट जुनी आणि ठाऊक आहे. खडी-वाळूच्या चाचण्यांचे भारतीय मानक आयएस २३८६ हे १९६३ सालचे आहे आणि वाळूचा फुगवटा मोजायची रीत त्याच्या तिसऱ्या भागात दिली आहे. मध्यम वाळू पाच ते आठ टक्के ओलाव्यात वीस-तीस टक्के फुगू शकते, बारीक वाळू त्याहूनही जास्त. आपल्या उदाहरणात २६.४ किलोंच्या जागी २२ किलो आले, म्हणजे फुगवटा २० टक्के झाला. आणखी पाणी ओतून वाळू पूर्ण बुडवली की तो थर मोडतो, कण पुन्हा एकमेकांवर टेकतात आणि वाळू जवळजवळ कोरड्या वाळूएवढीच जागा घेते.

या शेवटच्या गुणावरच साइटवर करायची चाचणी उभी आहे. सरळ बाजूंचा एक उभा डबा किंवा काचेची मोठी बरणी घ्यावी. गाडीतली ओलसर वाळू त्यात २० सेंटिमीटरपर्यंत सैल भरावी. ती वाळू दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावी आणि डबा पाण्याने अर्धा भरावा. मग काढलेली वाळू थोडी थोडी परत सोडावी आणि सळईने हलवून हवा काढून टाकावी. वाळू तळाशी बसली की तिची उंची मोजावी. १६ सेंटिमीटर भरली तर २० मधले ४ गेले; ४ भागिले १६, म्हणजे फुगवटा २५ टक्के. एका ब्रासचे पैसे मोजून आपल्याला ८० घनफूटच वाळू मिळाली, असा याचा अर्थ.

आता सुरुवातीच्या दोन भावांकडे वळू. ब्रासचा भाव टनाच्या भावाने भागावा: ४,६०० भागिले १,०५०, उत्तर ४.३८. वाळूच्या एका ब्रासचे वजन ४.३८ टन असेल तर दोन्ही भाव सारखे. त्याहून जास्त भरले तर ब्रासने घेणे स्वस्त, कमी भरले तर टनाने. कोरडी क्रश सँड ब्रासला ४.६७ टन भरली होती. तिचा टनाने हिशेब केला तर ब्रासमागे ४,९०० रुपयांच्या वर जातो, म्हणून ब्रासवाला स्वस्त. तीच वाळू ओलसर आली तर एका ब्रासचे वजन ४.१२ टन. टनाने तिचे होतात साधारण ४,३२५ रुपये, आणि टनवाला स्वस्त. माल तोच, क्रशर तोच, भाव तेच. फक्त वाळूतला ओलावा बदलला आणि उत्तर उलटे झाले. टनाने घेताना आपण पाण्याचे पैसे मोजतो हे खरे आहे. पण सहा टक्के ओलाव्यात नुकसान सहा टक्क्यांचे होते, तर ब्रासने घेताना फुगवट्यापायी नुकसान वीस टक्क्यांच्या घरात जाते. अपवाद एकच आहे, आणि तो धुतलेल्या वाळूत हमखास दिसतो. गाडीच्या फाळक्यातून पाणी ठिबकत असेल, वाळू चिंब असेल, तर फुगवटा मोडलेला असतो आणि पाण्याचे वजन दहा टक्क्यांवर गेलेले असू शकते. अशी वाळू टनाने घेऊ नये. एकतर ब्रासने घ्यावी, नाहीतर पाणी निथळल्यावर काटा करावा. खडीला हा त्रास नाही. तिचे कण मोठे आहेत, पाण्याच्या थराने ती फुगत नाही.

माल किती लागतो ते आता पाहू. स्लॅब ३० फूट बाय ३० फूट, जाडी ५ इंच. ९०० चौरस फुटांना पाच इंच, म्हणजे ३७५ घनफूट. बीमचे १२५ घनफूट धरले तर एकूण ओले काँक्रीट ५०० घनफूट, म्हणजे इंजिनिअरच्या कागदावरचे १४.१६ घनमीटर. ओले काँक्रीट घट्ट बसते, त्यामुळे त्याच्यासाठी कोरडा माल जास्त लागतो. ठेकेदार आणि इंजिनिअर त्यासाठी १.५४ ने गुणतात. ७७० घनफूट कोरडा माल झाला. एम-२० चे रूढ प्रमाण एकास दीडास तीन, म्हणजे सगळे मिळून साडेपाच भाग. एक भाग १४० घनफूट. त्यावरून सिमेंट १४० घनफूट, म्हणजे सुमारे ११४ गोण्या. वाळू २१० घनफूट, म्हणजे २.१ ब्रास, आणि खडी ४२० घनफूट, म्हणजे ४.२ ब्रास. सांडलवंड आणि जमिनीत रुतणारा माल यासाठी पाच टक्के वाढवले की वाळू २.२ ब्रास आणि खडी ४.४ ब्रास. इंजिनिअरने खडी दोन मापांची सांगितली असेल, तर समजा २० मिलिमीटरची २.६ ब्रास आणि १० मिलिमीटरची १.८ ब्रास. यातले २.२ ब्रास हे कोरड्या, न फुगलेल्या वाळूचे आहेत, हे विसरू नये. टनांत ते भरतात १०.३. ओलसर वाळू येणार असेल तर ब्रासमध्ये २.६५ सांगावी लागते, टनांत १०.९. टनांचा आकडा फारसा हलत नाही, ब्रासचा मात्र जवळपास अर्ध्या ब्रासने हलतो.

गाड्यांचा हिशेब करताना बहुतेक जण ब्रास भागिले गाडीचे ब्रास एवढेच करतात. प्रत्येक गाडीला दोन मर्यादा असतात. हौद्यात जागा किती, ही एक. कायद्याने वजन किती न्यायचे, ही दुसरी. यातली जी आधी संपते ती खेप ठरवते. २०१८ पासून दोन आसांच्या, म्हणजे सहा टायरच्या, ट्रकला भरलेल्या गाडीसह १८.५ टनांची मुभा आहे. दहा टायरच्या टिपरला, ज्याला सगळे हायवा म्हणतात, २८ टनांची. रिकामी सहा टायरची गाडी सात टनांच्या आसपास असेल तर माल साडेअकरा टन. दहा टायरची साडेदहा टनांची असेल तर माल साडेसतरा टन. रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीची मर्यादा दोन्ही आरसी बुकात लिहिलेली असतात. अंदाज करण्यापेक्षा ती वाचावी. साडेसतरा टन म्हणजे खडीचे चार ब्रास. बाजारात मात्र हायवाच्या पाच-सहा ब्रासची बोली चालते, कारण हौद्यात तेवढी जागा असते. सहा ब्रास खडी म्हणजे पंचवीस टनांच्या वर, मर्यादेपेक्षा आठ टन जास्त. अशी गाडी रस्त्यात अडवली गेली तर स्लॅबच्या आदल्या दिवशी आपला माल चौकीवर उभा असतो.

घरकुल योजनेच्या लाभार्थींनाही हे गणित उपयोगी पडते. राज्य सरकारने त्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूद केली आहे. वाळू फुकट, पण वाहतूक आपल्या खर्चाने. पाच ब्रास म्हणजे १४.१५ घनमीटर आणि वजनाने बावीस टनांच्या आसपास. एका दहा टायरच्या गाडीत ती कायद्याने येत नाही. सहा टायरच्या दोन खेपांत वजनाने ती मावते, पण हौदा अडीच ब्रासचा हवा. भाडे ठरवताना दोन खेपा धरूनच बोलावे.

हौद्याचे माप हा असा भाग आहे की तिथे पाच मिनिटे घालवली तर सर्वांत जास्त पैसे वाचतात. गाडी साइटवर आली की रिकामी करण्याआधी टेप लावावी. माप आतून घ्यायचे, बाहेरून नाही; फाळक्याची जाडी दोन्ही बाजूंनी वजा होते. टिपरच्या पुढच्या भिंतीला जॅकचे पत्र्याचे कवच आत आलेले असेल तर त्याची जागाही वजा करावी. समजा सहा टायरच्या गाडीचा हौदा आतून १० फूट ६ इंच लांब, ७ फूट रुंद आणि ३ फूट ३ इंच उंच आहे. इथे इंचांचे दशांश करताना चूक होते. दहा फूट सहा इंच म्हणजे १०.५, तीन फूट तीन इंच म्हणजे ३.२५, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १०.६ आणि ३.३ टाकले तर माप वाढते. १०.५ गुणिले ७ गुणिले ३.२५ म्हणजे २३९ घनफूट, जवळपास २.४ ब्रास, तेही फाळक्याला सपाट भरली तर. ड्रायव्हर सांगतो, “ताई, अडीच ब्रासची गाडी आहे.” त्याच्या बोलण्यात लबाडी असेलच असे नाही, क्रशरवर वर टोपी भरलेली असते, म्हणजे मधला उंचवटा, तो धरून तो बोलतो. पण टोपीचे माप कोणी घेत नाही.

वाळूची खरी खोली सळईने काढता येते. गाडीवर चढून सळई वाळूत सरळ खाली तळाच्या पत्र्यापर्यंत खुपसायची, वरच्या पातळीवर बोट धरायचे, बाहेर काढून टेपने मोजायचे. चार कोपरे आणि मध्य, अशा किमान पाच जागी मोजून सरासरी घ्यावी, कारण मध्ये उंच आणि कोपऱ्यांत खोल अशीच भरती असते. खडीत सळई जात नाही. तिथे दोन्ही फाळक्यांवर आडवी पट्टी ठेवून खडी तिच्या किती इंच खाली आहे ते मोजावे आणि हौद्याच्या उंचीतून वजा करावे. आपल्या गाडीत वाळू सरासरी चार इंच खाली असेल, तर खोली ३.२५ ऐवजी २.९२ फूट आणि माल २१४ घनफूट. चार इंचांत पाव ब्रास गेला. फाळक्याकडे नुसते पाहिले तर चार इंच डोळ्यांना जाणवतही नाहीत.

इथे गाडीवाल्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. क्रशरवर काठोकाठ भरलेली खडी खड्ड्यांच्या रस्त्याने तीस-चाळीस किलोमीटर हादरत आली की दाणे एकमेकांत बसतात आणि पातळी खाली जाते. वाटेत एक घमेलेही कमी झालेले नसते. साइटवर टेप लावून त्याच्यावर चोरीचा आरोप करणे अन्यायाचे आहे. माप क्रशरवर धरायचे की साइटवर, हे भाव ठरवतानाच बोलून घ्यावे. साइटवर धरायचे असेल तर तो थोडा जास्त भाव सांगेल, तो रास्त आहे.

वजनाने घेतलेल्या मालात रस्त्याचा हा वाद उरत नाही, पण काट्याची पावती नीट वाचता आली पाहिजे. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि त्यांच्यातला फरक, असे तीन आकडे पावतीवर असतात. रिकाम्या गाडीचे वजन अनेकदा आधीचे, टाकून ठेवलेले असते. ओलसर वाळू हौद्याच्या कोपऱ्यांना आणि तळाला चिकटून राहते. हौदा पूर्ण उचलला तरी दोन-चार पाट्या माल गाडीबरोबर परत जातो. त्याचे पैसे आपण दिलेले असतात. गाडी रिकामी झाल्यावर हौद्यात डोकावून पाहावे, फावड्याने कोपरे साफ करून घ्यावेत. जवळ काटा असेल तर गाडी त्याच दिवशी रिकामी करून काटा करून घ्यावी. हा फरक पावतीवर लगेच दिसतो.

पावतीवरच्या टनांवरून ब्रासही तपासता येतात, आणि हीच पद्धत माझ्या मते सर्वांत भरवशाची. क्रश सँडची गाडी ‘अडीच ब्रास’ म्हणून आली आणि निव्वळ वजन ९.२ टन निघाले. डब्याच्या चाचणीत ओलसर वाळूचा ब्रास ४.१२ टन भरला होता. ९.२ भागिले ४.१२ म्हणजे २.२३ ब्रास. सळईने मोजूनही सव्वादोनच्या आसपास आले तर दोन्ही मापे एकमेकांची साक्ष देतात आणि बिल त्यावर ठरवता येते. दोन्हींत मोठा फरक आला तर आधी आपला डबा पुन्हा भरून पाहावा. त्या दिवशीची वाळू चाचणीच्या दिवसाहून ओली किंवा कोरडी असू शकते. वाहतूक परवान्यावर लिहिलेले ब्रासही त्याच वेळी पाहावेत. परवाना दोन ब्रासचा आणि गाडीत तीन, अशी भर आपल्या फायद्याची वाटते, पण तो जास्तीचा ब्रास कागदावर नसतो आणि पकडला गेला तर काम थांबते.

आता आपल्या स्लॅबची मागणी. गाडी सहा टायरची, हौदा सपाट २.४ ब्रासचा, माल साडेअकरा टनांपर्यंत. गाड्यांचा हिशेब एकूण ब्रासवर करायचा नसतो, मालागणिक करायचा असतो, कारण एका हौद्यात वाळू आणि खडी एकत्र आणता येत नाही. सगळे ब्रास मिळवून ६.६ भागिले २.४ केले तर पावणेतीन, म्हणजे तीन गाड्या पुरतील असे दिसते. मालागणिक पाहिले तर तसे नाही. दहा मिलिमीटरची खडी १.८ ब्रास, एका खेपेत येते. वीस मिलिमीटरची २.६ ब्रास; वजनाने ती अकरा टनांची, मर्यादेत बसते, पण हौद्यात ०.२ ब्रास जागा कमी पडते. ओलसर वाळू २.६५ ब्रास, तिचीही तीच गत, वजन १०.९ टन चालेल पण जागा पाव ब्रासने अपुरी. दोन्हीकडे जागा आधी संपते.

अशा वेळी चौथी मोठी गाडी मागवण्यापेक्षा ट्रॅक्टरची ट्रॉली बरी. दहा फूट बाय सहा फूट, दीड फूट उंचीची ट्रॉली सपाट भरली तर ९० घनफूट, म्हणजे ०.९ ब्रास. तिला एक ब्रास म्हणतात, पण हिशेब ०.९ चाच धरावा. तिच्या दोन अर्धवट खेपा, एक वीस मिलिमीटरच्या खडीची आणि एक वाळूची, एवढ्यात सगळी तूट भरून निघते. घराचे पुढचे काम लगेच असेल तर दुसरा मार्गही आहे: जिन्याच्या आणि फरशीखालच्या काँक्रीटचा माल आत्ताच धरून दोन्ही मालांच्या पूर्ण दोन-दोन खेपा घ्याव्यात. जागा असेल तर भाड्यात तो स्वस्त पडतो. पण वाळू महिना-दोन महिने उघड्यावर राहिली तर पावसाने आणि गुरांच्या खुरांनी तिचा कोपरा हमखास जातो. पुढचे काम चार-पाच आठवड्यांत नक्की नसेल तर मी ट्रॉलीच सांगेन.

पुरवठादाराला फोनवर नुसते “तीन गाड्या पाठवा” म्हणू नये. मागणी लेखी द्यावी, मोबाइलवर लिहून पाठवली तरी चालते. त्यात मालाचे नाव आणि माप असावे, ब्रास आणि टन दोन्ही लिहावेत, भाव कोणत्या मापावर ठरला ते लिहावे, माप कुठे घ्यायचे ते लिहावे. उदाहरणार्थ: २० मिलिमीटर खडी, २.६ ब्रास, सुमारे ११ टन, भाव ब्रासने, माप साइटवर हौद्यात सपाट. क्रश सँड, १०.९ टन, भाव टनाने, निव्वळ वजन रिकाम्या गाडीच्या त्याच दिवशीच्या काट्यावरून, पाणी ठिबकणारी गाडी उतरवून घेतली जाणार नाही. स्लॅबच्या दोन दिवस आधी खडी आणि आदल्या दिवशी वाळू मागवावी. खडी लवकर आली तरी तिचे काही बिघडत नाही, आणि वाळूची फुगवट्याची चाचणी त्याच संध्याकाळी केली की दुसऱ्या दिवशी मिक्सरवर घमेल्यांचे प्रमाण ठरवायला ती उपयोगी पडते. २० टक्के फुगलेली वाळू असेल तर दहा घमेल्यांच्या जागी बारा टाकायची आणि मिश्रणात घालायचे पाणी वाळूतल्या ओलाव्याइतके कमी करायचे.